खोटा अठ्ठ्याऐंशी

काकूंच्या चॉकी केंद्राच्या ओट्यावर त्या दिवशी तीस-चाळीस माणसं बसली होती आणि समोरचे चहाचे कप तसेच गार होत होते. आमच्या भागात माणूस चहा नाकारतो तेव्हा तो भांडायलाच आलेला असतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

नांदूरघाटच्या अलीकडे काकूंचं हे केंद्र होतं. रेशमाच्या अंड्यातून निघालेली अळी म्हणजे कोथिंबिरीचं बी चिरून ठेवावं एवढीशी. तिला पहिले आठ-दहा दिवस तुतीचा कोवळा पाला बारीक कापून द्यायचा, ऊबदार आणि दमट खोलीत जपायचं, दोनदा कात टाकली की मग शेतकऱ्याच्या शेडवर पोचवायचं. या पहिल्या जपणुकीला आमच्याकडे चॉकी म्हणतात. बाळंतपणच ते. ते चुकलं तर पुढे कितीही पाला घाला, कोष हलकेच निघतात. आमच्या चौसाळ्याच्या रानातली तुतीही काकूंच्याच अळ्यांवर अवलंबून होती, म्हणून मी आणि माझे यजमान दोघंही त्या बैठकीला गेलो होतो.

पुढे बसलेल्या तात्यांनी तोंड उघडलं. तात्या म्हणजे मोठे बागायतदार, एकेकाळी सरपंच, आजही चार गावांतली भांडणं त्यांच्या ओसरीवर मिटायची.

"काकू, एक सांगा. तुमच्या अळ्या एका वयाच्या असून लहान-मोठ्या कावून निघत्यात? निम्म्या कात टाकून पाला मागत्यात, निम्म्या अजून झोपलेल्या. आमी पाला कुणाला घालायचा?"

"दोन बॅचा झाल्या अशाच," मागून कुणीतरी म्हणालं. "ही तिसरी."

काकू साठीच्या. पतीच्या पश्चात त्यांनी एकटीने हे केंद्र उभं केलं होतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना चॉकीच्या दोन खोल्यांपैकी पहिलीच्या दारात बोलावलं. भिंतीवर कंट्रोलरचा, म्हणजे खोलीची ऊब आणि ओल सांभाळणाऱ्या यंत्राचा, हिरवा आकडा चमकत होता. तापमान सत्तावीस, आर्द्रता अठ्ठ्याऐंशी.

"बघा. पुस्तकात पंच्याऐंशी ते नव्वद लिवलंय. माझं अठ्ठ्याऐंशी हाय. रोज हाय. आता माझं काय चुकलं ते तुमीच सांगा."

तात्या म्हणाले, "मग अंड्यातच दोष," आणि अंडी कुठून आणायची, केंद्र बदलायचं का, यावर बोलणं गेलं. काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातात कापलेल्या पाल्याची चिमूट होती. त्या ती बोटांनी चुरत होत्या आणि पाला बोटांखाली कुरकुरत होता.

तो कुरकुर आवाज माझ्या कानाने पकडला.

मी मूळची पालीकडची, मेंढपाळाच्या घरातली. आमच्या बापाला आभाळ बघावं लागायचं नाही. तो लोकरीच्या ढिगात हात घालायचा आणि सांगायचा, हवा ओली झाली, आज कळप खाली न्यायचा नाही. लोकर हवेतलं पाणी ओढते, जड होते, थंड लागते. हे मला पुढे पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना वेगळ्या शब्दांत कळलं. लग्नाआधी सहा वर्षं मी संभाजीनगरच्या एका कारखान्यात मापयंत्रं तपासायच्या खोलीत काम केलं. तिथे एकच गोष्ट शिकले: यंत्र जे दाखवतं ते खरं असेलच असं नाही. खरं काय ते माहीत असलेल्या जागी यंत्राला नेऊन उभं करायचं आणि मग विचारायचं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती नोकरी सोडून मी चौसाळ्याला आले. त्या गेल्या, पण मी परत गेले नाही. तुतीत, पाल्यात, अळ्यांत रमले.

"काकू," मी म्हणाले, "पाला टाकून किती वेळ झाला?"

"दीड-दोन तास."

"अठ्ठ्याऐंशी आर्द्रतेत दोन तासांत पाला असा वाळतो का?"

काकू अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, मलाबी डोळ्याला दिसत होतं. पण भिंतीवर अठ्ठ्याऐंशी होतं ना. मग मला वाटलं, माझेच डोळे म्हातारे झाले."

त्या वाक्याने मला जो राग आला तो कुणावर होता हे मला तेव्हा कळलं नाही. यंत्रावर असावा.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सेन्सर खोटं बोलत असेल. मी तपासून दाखवते."

यंत्रं बसवून देणारा तंत्रज्ञ त्या दिवशी तिथेच होता, बीडहून मोटरसायकलवर आलेला. तो हसला. "ताई, कशाने तपासणार? आणि इथे दुसरं यंत्रपण आहे की." त्याने भिंतीवरच्या जुन्या ओल्या-कोरड्या थर्मामीटरच्या जोडीकडे बोट दाखवलं. दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी, एकाच्या फुग्यावर ओल्या सुती कापडाची वात. वातीतलं पाणी जितकं उडतं तितका तो फुगा थंड होतो. हवा कोरडी असेल तर दोघांत फरक जास्त, दमट असेल तर कमी. "त्याच्यावरूनही सत्त्याऐंशीच येते. दोन यंत्रं सारखं सांगतात, आणि तुम्ही म्हणता दोन्ही खोटी?"

मी तरी हट्टाने म्हणाले, "मीठ आणा. डबा आणा."

आणि मग माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती झाली.

तत्त्व मला पाठ होतं. पाण्यात मीठ विरघळवत राहिलं की एक वेळ अशी येते की पाणी आणखी घेत नाही, उरलेलं मीठ तळाशी दाणेदार पडून राहतं. असं पाणी बंद भांड्यात ठेवलं की त्याच्यावरच्या हवेची आर्द्रता एका ठरलेल्या आकड्यावर येऊन थांबते. हवा जास्त ओली झाली तर मीठपाणी तिच्यातली वाफ शोषून घेतं आणि तळचे थोडे दाणे विरघळतात. हवा कोरडी झाली तर थोडं पाणी उडतं आणि थोडं मीठ पुन्हा दाण्याला येतं. मिठाची जात बदलली की आकडा बदलतो. खाण्याच्या मिठाचा आकडा पंच्याहत्तर.

पण इतक्या माणसांपुढे मी घाई केली. काकूंच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घेतला, मूठभर मीठ, वर तांब्याभर पाणी. सगळं मीठ विरघळून गेलं, तळाला एक दाणा राहिला नाही. सेन्सरची वायर झाकणाच्या फटीतून आत सोडली आणि डबा ठेवला कुठे, तर खिडकीत, जिथे सगळ्यांना दिसेल. मार्च संपत आलेला, खिडकीत ऊन. आकडा ब्याण्णव झाला, सत्त्याण्णव झाला, कुणीतरी झाकण उचलून आत डोकावलं तर साठवर आला, पुन्हा नव्वद.

"तात्या, हे तर मटक्याचे आकडे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा ओटा हसला.

तंत्रज्ञ हसला नाही, त्याने फक्त घड्याळ बघितलं. ते जास्त लागलं.

परतताना मोटरसायकलवर मी यजमानांच्या पाठीमागे बसले होते. मांजरसुंब्याचा घाट दूर दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, "तुझं चुकलं का मिठाचं?"

"माझं."

"मग सोपंय की. मीठ बदलता येत नाही, तू बदल."

त्या माणसाला वीजजोडणीपलीकडे कोणतंही यंत्र कळत नाही. पण असं एखादं वाक्य तो बरोबर टाकतो.

घरी आल्यावर मी माझी कारखान्यातली जुनी वही काढली. वाचायचीही गरज नव्हती खरं तर, माझ्या चुका मलाच ओळीने दिसत होत्या. पाणी जास्त घातलं, म्हणजे द्रावण संपृक्तच नव्हतं. ओल्या वाळूसारखा गारा हवा, वर पाण्याचा पातळ थर आणि खाली विरघळायचे राहिलेले दाणे डोळ्यांना दिसले पाहिजेत. डबा स्टीलचा घेतला, तो तापतो पटकन आणि मिठाने गंजतोही. फट उघडी ठेवली. उन्हात ठेवला, आणि दमट हवेत पाणी आणि हवा यांच्यात एका अंशाचा जरी फरक पडला तरी आर्द्रता चार-पाच आकड्यांनी हुकते. आणि सगळ्यात मोठी चूक, मी थांबले नाही. बंद भांड्यातल्या हवेला स्थिर व्हायला तास लागतात आणि मी तिला माणसांच्या तोंडाकडे बघत दहा मिनिटं दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी बीडला गेले. कॉलेजच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणारं एक दुकान आहे, तिथून तीन बाटल्या आणल्या: मॅग्नेशियम क्लोराइड, शुद्ध मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड. चौसाळ्यातल्या खताच्या दुकानदाराने बाटली बघून मला अडवलं.

"वहिनी, पोटॅशच हाय ना हे? माझ्याकडं पोती पडल्यात की."

"खतातलं पोटॅश शुद्ध नसतं, भाऊ. त्यातल्या भेसळीने आकडा सरकतो. जाडं मीठ पावसाळ्यात कसं पाझरतं बघा. त्यातलं मॅग्नेशियम पाणी ओढतं. मला जे दाखवायचंय ते असं सरकणारं नको."

"म्हंजे तुमचं मीठ साक्षीदार हाय. साक्षीदार पिलेला नको."

मला ही गोष्ट इतक्या नीट कुणी समजावली नव्हती.

चॉकीची बॅच त्याच आठवड्यात शेतकऱ्यांकडे गेली. पुढची अंडी यायला आठवडाभराचा अवकाश होता आणि खोल्या रिकाम्या होत्या. मी काकूंना फोन केला. "दोन दिवस खोली द्या. आणि ज्यांना हसायचंय त्यांना पुन्हा बोलवा."

काकू म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवते. तात्यांना आधी."

मी लोणच्याच्या रुंद तोंडाच्या तीन काचेच्या बरण्या नेल्या. दुकानातून बॅटरीत टाकायचं पाणी आणलं, कारण आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात क्षार इतके की किटली पांढरी होते. प्रत्येक बरणीत दोन बोटं मीठ घातलं आणि पाणी थेंबाथेंबाने टाकत लाकडी चमच्याने ढवळलं. ओली वाळू झाली, वर जेमतेम चकाकी आली, की थांबले. प्रत्येक झाकणाला तीन भोकं पाडली, ज्या बरणीची पाळी तिच्यातून वायर ओवायच्या आणि भोवती खिडकीच्या काचेला लावतात ती पुट्टी दाबून बसवायची. सेन्सर मिठापासून चार बोटं वर लटकायला हवेत. पाण्याचा शिंतोडा जरी उडाला तरी सगळं वाया. बरण्या थर्मोकोलच्या जाड पेटीत ठेवल्या, म्हणजे आत-बाहेर तापमान सारखं राहील.

तंत्रज्ञाला मी स्वतः फोन केला होता. "तुमच्याकडे नवं हातमीटर आहे ना, वायर असलेलं? ते घेऊन या. माझ्या बरणीत तुमचं यंत्र ठेवू. माझ्यावर विश्वास ठेवायला मी सांगत नाही."

तो आला. त्याचा तो गुण मला आवडला. त्याने हातमीटरची दांडी मधल्या भोकातून सोडली, दोन्ही बाजूंना दोन खोल्यांचे दोन सेन्सर. कंट्रोलर भिंतीवरून उतरवून टेबलावर मांडले. कोरड्यापासून ओल्याकडे जायचं, ही रीत. सेन्सर एकदा खूप ओला झाला की खाली उतरताना थोडा मागे रेंगाळतो. म्हणून पहिली बरणी मॅग्नेशियमची. दुपारी पेटी बंद केली आणि मी काकूंना सांगितलं, "उद्या सकाळपर्यंत हिला कुणी शिवायचं नाही."

सकाळी तात्या, खताचे दुकानदार आणि आणखी वीसेक जण होते. मी पेटीचं झाकण काढलं, बरणी उघडली नाही. मॅग्नेशियमचा आकडा तेहतीस, हे मी आदल्या दिवशीच खडूने दारावर लिहून ठेवलं होतं.

तंत्रज्ञाने स्वतःच्या मीटरवर वाचलं. "तेहतीस."

काकूंनी कंट्रोलर वाचले. "सदतीस. आणि हा अडतीस."

"चार-पाचचा फरक," तात्या म्हणाले. "एवढ्यानं काय हुतंय?"

"थांबा, तात्या."

तिन्ही यंत्रं मिठाच्या बरणीत हलवली. त्या दिवशी थांबणं मला जड गेलं नाही. काकूंनी पिठलं-भाकरी केली, माणसं निंबाखाली बसली, कुणी तुतीच्या वाणांवर बोललं, कुणी मेंढ्यांवर. माझ्या माहेरच्या एका गावबंधूने ओळख काढली आणि आमच्या बापाच्या कळपातला एक बदमाश एडका सगळ्यांना वर्णन करून सांगितला. दुपारी एकला पेटी उघडली. दारावर लिहिलेला आकडा पंच्याहत्तर.

"शहात्तर," तंत्रज्ञ म्हणाला.

काकूंनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचलं. "सत्त्याऐंशी. आणि सत्त्याऐंशी."

तात्या पुढे वाकून स्वतः वाचायला लागले. "म्हंजे हवेत पंच्याहत्तर असताना हे सत्त्याऐंशी सांगतंय?"

"हो."

"मग काकूंच्या खोलीत अठ्ठ्याऐंशी दिसत होतं तेव्हा..."

"शहात्तर-सत्त्याहत्तर होतं. कंट्रोलरला वाटलं, पुरेसं झालं. त्याने पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर बंद केला. अळी कोवळी, पाला दोन तासांत वाळला, जिला रसदार मिळाला ती वाढली, जिला वाळलेला मिळाला ती मागे पडली."

शेवटची बरणी पोटॅशची. ती संध्याकाळी पाचला बघितली. तिचा आकडा चौऱ्याऐंशी. तंत्रज्ञाचा मीटर पंच्याऐंशी. आणि खोलीचे सेन्सर, दोघंही, सत्त्याण्णव.

तंत्रज्ञाने मीटर खाली ठेवला. आमच्या भागात माणसं चूक कबूल करायची म्हणजे दोन दिवस घेतात. त्याने दोन मिनिटं घेतली. "ताई, माझं यंत्र तुमच्या मिठाशी जुळतंय. भिंतीवरचे जुळत नाहीत. चूक भिंतीवर आहे."

मी त्याला म्हणाले, "चूक कशी झाली ते बघू. काकू, खोली कशाने धुता?"

"फॉर्मेलिननं. बॅच गेली की फवारायचं आणि दार लावून ठिवायचं. रोग राहत न्हाई."

"सेन्सर भिंतीवरच असतात?"

"मग कुठं ठिवू?"

तेच होतं. या सेन्सरच्या आत आर्द्रता शोषणारा एक पातळ पापुद्रा असतो. तो वाफेतलं पाणी घेतो तसं औषधांची वाफही घेतो, आणि ती सहजी सोडत नाही. त्यात महिनोन्महिने नव्वदच्या दमटपणात काम. हळूहळू त्याचा आकडा वर सरकत गेला आणि कुणाला कळलं नाही, कारण रोजच्या रोज सरकणं दिसत नसतं.

"पण मग ती काचेची जोडी?" तात्यांनी विचारलं. तोच प्रश्न चार दिवस माझ्याही डोक्यात घोळत होता. "ती सत्त्याऐंशी कावून दाखवत हुती?"

मी थर्मामीटरची जोडी भिंतीवरून काढली आणि वात बोटांत धरली. ती मऊ नव्हती, खडूसारखी कडक होती. वाकवली तर तुटली. आतून सगळी पांढरी, बोअरच्या पाण्याचा क्षार धाग्याधाग्यात बसलेला.

मी ती तात्यांच्या तळहातावर ठेवली. "हिच्यातून पाणी वर चढेना, उडेना. पाणी उडेना म्हणून फुगा थंड होईना. फुगा थंड होईना म्हणून दोघांत फरक दिसेना, आणि यंत्राला वाटलं हवा दमट आहे."

तात्या मोठ्याने हसले. "दोन खोटे साक्षीदार, आणि दोघांची गाठभेटबी न्हाई! तरी जबानी एकच! काकू, आमी तुमच्यावर लई बोललो."

काकू आत गेल्या, चहा घेऊन आल्या, आणि त्या दिवशी सगळ्यांनी घेतला.

पण काम अजून संपलं नव्हतं. तंत्रज्ञाने दोन दिवसांत दोन नवे सेन्सर पाठवले, पाकिटबंद. काकूंना वाटलं, आता लावून टाकायचे. मी म्हणाले, "आधी बरणी." काकू हसल्या, पण थांबल्या. पोटॅशच्या बरणीत एकाने चौऱ्याऐंशी दाखवलं. दुसऱ्याने एकोणऐंशी. मिठाच्या बरणीतही पहिला पंच्याहत्तर, दुसरा सत्तर.

"नवं कोरं हाय की हे!" काकू म्हणाल्या.

"नवं आहे, खरं नाही." मी कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या सेन्सरला पाचची दुरुस्ती घातली, पुन्हा बरणीत ठेवला, चार तासांनी पुन्हा बघितलं. चौऱ्याऐंशी. तेव्हा कुठे भिंतीवर चढवला. जोडीला नवी सुती वात उकळून लावली, खाली बॅटरीच्या पाण्याची वाटी. काकूंना एकच नियम दिला: फवारणीच्या आधी सेन्सर उतरवायचे, बंद डब्यात ठेवायचे, खोली मोकळी होऊन वास गेला की परत लावायचे.

नवी अंडी आली. पहिल्याच दिवशी फरक अंगाला कळला. पूर्वी त्या खोलीत शिरलं की नुसता उबारा लागायचा. आता दार उघडलं की चेहऱ्यावर ओल बसायची आणि चष्म्यावर धुकं यायचं. फॉगर पूर्वी चालू होऊन चटकन बंद व्हायचा, आता तो चालतच राहिला. काकूंनी दोन तासांनी पाला उचलून गालाला लावला.

"ओला हाय गं," त्या म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

मी रोज चौसाळ्याहून जायची गरज नव्हती, तरी गेले. अळ्यांच्या पहिल्या कातेच्या दिवशी मी सकाळी पोचले तर काकू रॅकजवळ स्टुलावर बसल्या होत्या. ट्रेमध्ये सगळ्या अळ्या मान वर करून, न हलता, एका रेषेत बसल्यासारख्या. कात टाकायच्या आधी अळी अशीच बसते, पाला सोडते. पण गेल्या तीन बॅचांत असं एकदम कधीच झालं नव्हतं, सगळा ट्रे, सगळ्या रॅका, एकाच सकाळी.

"अगदी शाळेची प्रार्थना," काकू कुजबुजल्या, जणू मोठ्याने बोललं तर त्या उठतील.

दुसरी कातही तशीच पडली. त्या बॅचच्या अळ्या वाटायच्या दिवशी ओट्यावर पुन्हा तेवढीच माणसं होती. तात्या पहिल्या ट्रेवर वाकले, बराच वेळ बघत राहिले, बोटाने दोन-तीन अळ्या बाजूला सारल्या, आणखी खाली बघितलं.

"लहान कुठं हाय?" ते म्हणाले. "एक तरी लहान दाखवा."

कुणालाच सापडेना. शेवटी त्यांनी माझ्या यजमानांच्या पाठीवर थाप मारली, "आरं, बायको लई भारी मिळाली तुला," आणि मग माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले. माझ्यापेक्षा वयाने दुप्पट माणूस. मी घाईने म्हणाले, "तात्या, हे काय!" पण आतून मला इतका आनंद झाला की मी पदराने घाम पुसायच्या निमित्ताने तोंड झाकलं.

त्या हंगामात आमच्या शेडवर कोष एकाच वेळी तयार झाले. सगळ्या अळ्या एकदम चंद्रिकेवर, कोष विणायच्या बांबूच्या जाळीवर, चढल्या, एकदम गुंडाळल्या गेल्या, आणि पाच दिवसांनी काढणीला बसलो तेव्हा कोष टणक, पांढरे, बोटांनी दाबले तर दबत नव्हते. यजमानांनी एक कोष कानाशी हलवला, आतला कोशित, कोषात झोपलेला किडा, खडखडला, आणि ते काही न बोलता तो माझ्या हातात देऊन पुढचा तोडायला लागले.

बातमी आपली आपण फिरते. केजहून, पाटोद्याहून, गेवराईहून माणसं सेन्सर घेऊन यायला लागली, कापडी पिशवीत, टॉवेलात, एकाने तर पितळी डब्यात गुंडाळून. मी आमच्या पडवीत तीन बरण्या कायमच्या मांडल्या. आलेल्या सेन्सरांत बरेच वर सरकलेले, काही खाली, एक-दोन अगदी खरे. खरे निघाले की त्यांचे मालक नाराज व्हायचे. दोष सेन्सरचा असता तर सोपं झालं असतं. तंत्रज्ञानेही आता नवीन यंत्र बसवण्याआधी बरणीत ठेवून बघायची पद्धत पाडली आहे, आणि तो फोनवर मला "गुरू" म्हणतो. मी त्याला रागावते. तो ऐकत नाही.

मागच्या महिन्यात आसपासच्या बायकांना ही रीत शिकवायचं ठरलं. काकूंच्याच केंद्रावर. बारा बायका, बारा बरण्या, आणि दाखवायला माझी एक. मी शिकवणार होते, पण वाटेत गाडी पंक्चर झाली आणि मी तासभर उशिरा पोचले. ओट्यावर चढले तर आतून काकूंचा आवाज येत होता.

"आगं, पाणी लई झालं तुझं! दाणा दिसला पायजे, दाणा! मीठ घाल अजून. आणि झाकण सारखं उघडू नको. तुला घाई असंल, हवेला न्हाई."

एक बाई म्हणाली, "काकू, पण माझ्या बरणीत तर सत्त्याहत्तर आलंय. पंच्याहत्तर यायला पायजे ना?"

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास."

"मग आत्ता त्याला काय इचारती? जेवायच्या वेळंला इचार."

मी दारातच थांबले. काकूंनी मला बघितलं आणि एका रिकाम्या बरणीकडे हात केला. "बस. तुझी ती बरणी. पुट्टी नीट लाव, मागच्या वेळी तुझ्याच झाकणातनं हवा जात हुती."

बायका हसल्या. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्यांच्या रांगेत जाऊन बसले.